टॅब फिरवला आणि स्क्रीनशॉट कलंडला: दोष पिक्सेलचा की टॅगचा?

सप्टेंबर महिना म्हणजे सोसायट्यांच्या वार्षिक सभांचा महिना. आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीचे खजिनदार काका मेंटेनन्सचा सगळा हिशेब टॅबवर ठेवतात. थकबाकीचा तक्ता रुंद असल्यामुळे टॅब आडवा केल्याशिवाय त्याचे सगळे रकाने दिसत नाहीत. काकांनी टॅब आडवा केला, बारा स्क्रीनशॉट घेतले, एका पीडीएफ करणाऱ्या ॲपमध्ये टाकले आणि फाइल नौपाड्यातल्या झेरॉक्सवाल्याकडे पाठवून दिली. हातात आलेल्या बारा पानांपैकी आठांवरचा तक्ता कुशीवर निजलेला, आणि त्यातही दोघांचं डोकं एकीकडे, तर सहांचं दुसरीकडे.

मी ऐरोलीला सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, त्यामुळे संध्याकाळी ट्रेनमधून उतरून घरी पोचते न पोचते तोच काका टॅब घेऊन दारात हजर. “अगं, हे बघ, गॅलरीत ही आठही सरळ आहेत. झेरॉक्सवाला म्हणतो, तुमची फाइलच आडवी आली. आता खोटं कोण बोलतंय?”

खोटं कोणीच बोलत नव्हतं, दोघं एकच फाइल दोन तऱ्हांनी वाचत होते. काकांच्या त्या बारा फाइलींवरूनच सांगते.

फाइलीत दोन गोष्टी असतात

चित्राच्या फाइलीत एक असते पिक्सेलची जाळी, म्हणजे किती रुंद, किती उंच आणि कुठल्या ठिपक्याला कुठला रंग. दुसरी, असलीच तर, एक छोटी चिठ्ठी: “मला दाखवताना एवढं फिरवून दाखवा.” या चिठ्ठीला ओरिएंटेशन टॅग म्हणतात. ती एक्झिफ नावाच्या माहितीच्या पुडक्यात असते आणि तिच्यावर १ ते ८ यांपैकी एक आकडा लिहिलेला असतो.

आपल्याला त्यातले चारच पुरतात. १ म्हणजे आहे तसं दाखवा. ३ म्हणजे उलटं करून दाखवा. ६ म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेरा फिरवून दाखवा, आणि ८ म्हणजे काट्यांच्या उलट दिशेने पाव फेरा. उरलेले चार आकडे आरशातल्यासारख्या उलट्या चित्रांसाठी असतात. स्क्रीनशॉटमध्ये ते सहसा भेटत नाहीत.

ही चिठ्ठी मुळात कॅमेऱ्यांसाठी आली. कॅमेऱ्यातला सेन्सर जागचा हलत नाही. तुम्ही कॅमेरा उभा धरला तरी पिक्सेल त्याच्या ठरलेल्या क्रमानेच येतात, म्हणून “उभा धरला होता” एवढी नोंद करायची आणि फिरवण्याचं काम पाहणाऱ्या सॉफ्टवेअरवर सोडायचं. टॅबच्या काचेचंही तसंच असतं. काकांच्या टॅबचं पॅनेल जन्मतः उभं आहे, १२०० पिक्सेल रुंद आणि २००० उंच. टॅब आडवा केला म्हणजे काच फिरत नाही, तिच्यावरचं चित्र फिरतं.

आता स्क्रीनशॉट घेणाऱ्या प्रोग्रामपुढे दोन प्रामाणिक मार्ग असतात. एक, पिक्सेलच फिरवून २००० × १२०० ची आडवी जाळी लिहायची आणि टॅगच्या भानगडीत पडायचं नाही. दोन, पॅनेलच्या क्रमाने १२०० × २००० ची उभी जाळीच लिहायची आणि सोबत ६ किंवा ८ ची चिठ्ठी लावायची. दोन्ही बरोबर आहेत. फरक एवढाच की पहिल्या मार्गाने केलेली फाइल कुठेही सरळ दिसते, दुसऱ्या मार्गाची फाइल चिठ्ठी वाचणाऱ्यालाच सरळ दिसते.

पॉवर आणि आवाजाचं बटण एकत्र दाबून काकांच्या टॅबवर जो स्क्रीनशॉट निघतो, तो पहिल्या मार्गाने जातो. पण काकांना थकबाकीदारांच्या नावाभोवती लाल गोल काढायची हौस. त्यासाठी ते टॅबसोबत आलेलं, पेनने खुणा करायचं ॲप वापरतात आणि त्याच्या बटणाने चित्र टिपतात. ते ॲप दुसऱ्या मार्गाचं निघालं.

आधी आकडे बघा, डोळ्यांवर जाऊ नका

गॅलरीत चित्र कसं दिसतं यावरून काहीच ठरत नाही, कारण गॅलरी चिठ्ठी वाचून फिरवून दाखवत असते. काही गॅलऱ्या तर ‘तपशील’मध्ये रुंदी-उंचीसुद्धा अदलाबदल करून दाखवतात. म्हणून फाइली कॉम्प्युटरवर घ्या. त्या मेसेंजरवरून पाठवू नका, वाटेत चित्र नव्याने लिहिलं जातं आणि पुरावाच जातो. केबल किंवा ड्राइव्हवरून मूळ फाइल जशीच्या तशी उतरवा.

मग `exiftool` हा फुकट मिळणारा प्रोग्राम घाला आणि त्या फोल्डरमध्ये कमांड लाइनवर ही ओळ चालवा:

```
exiftool -n -T -FileName -ImageWidth -ImageHeight -Orientation *.png
```

`-n` मुळे टॅगचं इंग्रजी वर्णन न येता नुसता आकडा येतो आणि `-T` मुळे सगळं रांगेत तक्त्यासारखं उतरतं. काकांच्या बारा ओळींपैकी चार नमुन्यादाखल:

```
khata-01.png   2000   1200   -
khata-03.png   1200   2000   6
khata-05.png   1200   2000   8
khata-07.png   2000   1200   6
```

एक नंबरची फाइल निर्धास्त. जाळीच आडवी आहे, चिठ्ठी नाही. अशा तीन होत्या, तिन्ही बटणांनी घेतलेल्या. तीन आणि पाच नंबरच्या फाइली दुसऱ्या मार्गाच्या, म्हणजे जाळी उभी आणि वर चिठ्ठी. ६ ची चिठ्ठी असलेल्या सहा, ८ च्या दोन. त्या दोन काढताना काकांनी टॅब डावीकडे वळवला होता, बाकीच्या वेळी उजवीकडे. पानांवरची डोकी दोन दिशांना का होती, ते इथे कळलं.

सात नंबरची फाइल मात्र विचित्र आहे. तिच्याकडे नंतर येते.

कुणाला `exiftool` च्या वाचनावरही विश्वास ठेवायचा नसेल, तर पीएनजी फाइलीच्या अगदी सुरुवातीला रुंदी-उंची कोरलेली असते. मॅक किंवा लिनक्सवर:

```
xxd -s 16 -l 8 khata-01.png
```

यात `0000 07d0 0000 04b0` असं दिसेल. `07d0` म्हणजे २००० आणि `04b0` म्हणजे १२००. रुंदी आधी, उंची नंतर. टॅग काहीही म्हणो, फाइलीतली जाळी हीच.

मग चिठ्ठी वाचली का गेली नाही?

काकांचा रास्त प्रश्न असा की मागच्या वर्षी याच ॲपमध्ये पीडीएफ केलं होतं, तेव्हा सगळं नीट आलं, मग यंदा काय झालं? मी त्यांचे मागच्या वर्षीचे स्क्रीनशॉट काढून बघितले. जुन्या टॅबवर ते जेपीजी म्हणून साठत होते, नव्या टॅबवर पीएनजी म्हणून साठतात. सगळी मेख एवढ्यात आहे.

जेपीजीमध्ये एक्झिफ १९९०च्या दशकापासून आहे, त्यामुळे चित्र उघडणारं जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअर तिथे चिठ्ठी शोधतं. पीएनजीमध्ये एक्झिफसाठी अधिकृत जागा बरीच उशिरा, २०१७ मध्ये ठरली. `eXIf` नावाचा वेगळा तुकडा फाइलीत असतो. त्याआधी ज्याने त्याने ती माहिती आपापल्या पद्धतीने मजकुराच्या तुकड्यांत कोंबलेली. त्यामुळे “पीएनजीत फिरवायची चिठ्ठी नसतेच” हे गृहीत धरून लिहिलेला बराच कोड अजून चालू आहे. काकांचं पीडीएफ ॲप त्यातलंच. जेपीजी आली की चिठ्ठी वाचतं, पीएनजी आली की जाळी उचलून पानावर ठेवतं.

हे माझं अनुमान होतं, म्हणून पडताळून पाहिलं. तुम्हीही पाहा, पाच मिनिटांचं काम आहे. तीन नंबरची फाइल इमेजमॅजिक या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामने, तीच जाळी आणि तोच ६ चा टॅग ठेवून, जेपीजी केली:

```
magick khata-03.png khata-03.jpg
exiftool -n -Orientation=6 khata-03.jpg
```

ती त्याच ॲपमध्ये घातली तर पान सरळ आलं, आणि पीएनजी घातली तर कलंडलं. बाकी काही बदललेलं नसताना प्रकार बदलल्यावर निकाल बदलला, म्हणजे संशय पक्का.

वाचणाऱ्याची आणखी एक चूक वारंवार दिसते. बऱ्याच वेबसाइटी चित्र अपलोड होताच सगळी जोडलेली माहिती पुसतात. हेतू चांगला असतो, कारण फोटोत ठिकाणाची नोंद राहते. पण पुसण्याआधी पिक्सेल फिरवून घ्यायला विसरलं, तर चिठ्ठीही जाते आणि उभी जाळी तेवढी उरते. अशा ठिकाणाहून परत उतरवलेल्या फाइलीत टॅगच्या जागी नुसती `-` दिसते आणि आकडे 1200, 2000 असतात. ब्राउझरांचंही असंच होतं. क्रोम २०२० मधल्या ८१व्या आवृत्तीपासून पानावरच्या चित्रांची चिठ्ठी आपोआप मानू लागला. त्याआधी तेच चित्र स्वतंत्र उघडलं तर सरळ आणि वेबपानात आडवं दिसे. आजही जुन्या मशीनवर तपासताना हे लक्षात असू द्या.

डोकं कुठे आहे, त्यावरून निदान

आकडे बघायची सोय नसेल तेव्हा झोपलेलं चित्रही बरंच सांगतं, फक्त टॅब कुठल्या दिशेला वळवला होता ते आठवलं पाहिजे.

समजा टॅब उजवीकडे, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे वळवला होता. तेव्हा तक्त्याची वरची बाजू पॅनेलच्या डाव्या कडेला येते. जाळी तशीच लिहिली आणि चिठ्ठी ६ ची लावली. चिठ्ठी कोणी वाचलीच नाही, तर तक्त्याचं डोकं डावीकडे दिसेल. उलट, पिक्सेल आधीच फिरवलेले असून चिठ्ठीही तशीच राहिली असेल, तर वाचणारा पुन्हा एकदा फिरवतो आणि डोकं उजवीकडे जातं. डावीकडे वळवलेल्या टॅबला हेच आरशात बघितल्यासारखं उलटं लावायचं.

आणि चित्र खाली डोकं वर पाय असं दिसलं तर? तेव्हा बहुधा चिठ्ठी लिहिणाऱ्याने ६ च्या जागी ८ लिहिलेलं असतं. ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता रागही येत नाही. प्रोग्राम लिहिणारा विचार करतो, “टॅब उजवीकडे वळला ना, मग चित्र सरळ करायला डावीकडे वळवू.” ऐकायला पटतं, पण चुकीचं आहे. फाइल काही टॅबबरोबर फिरलेली नसते, त्यामुळे टॅब जिकडे वळला तिकडेच तीही वळवावी लागते. उजवीकडे वळवलेल्या टॅबची चिठ्ठी ६ चीच हवी.

सात नंबरची फाइल

जाळी 2000 × 1200, म्हणजे आडवीच, आणि तरीही चिठ्ठी ६ ची. काकांना विचारलं तेव्हा ते जरा ओशाळले.

“ती एक मी मोबाइलवर फिरवून बघितली होती गं. पण मग गॅलरीतच आडवी दिसायला लागली, म्हणून सोडून दिली.”

मोबाइलवरच्या त्या एडिटरने पिक्सेल फिरवले आणि जुनी चिठ्ठी तशीच नव्या फाइलीवर डकवली. आता चिठ्ठी वाचणारी गॅलरी ती दुसऱ्यांदा फिरवते, म्हणून गॅलरीत डोकं उजवीकडे. चिठ्ठी न वाचणारं पीडीएफ ॲप मात्र सरळ जाळी सरळच ठेवतं. म्हणजे गॅलरीत वाईट दिसणारी ही एकच फाइल छापताना नीट आली होती! याच कारणाने, कलंडलेलं चित्र दिसलं की लगेच एडिटरमध्ये फिरवायचं हा उपाय मी कुणाला सुचवत नाही. काही एडिटर फक्त टॅगचा आकडा बदलतात, काही फक्त पिक्सेल, काही दोन्ही, आणि बाहेरून ते कळत नाही.

दुरुस्ती

क्रम महत्त्वाचा आहे. सगळ्यांत आधी मूळ फाइलींची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

मग सात नंबरसारख्या फाइली शोधून काढा, म्हणजे तक्त्यात जाळी आडवी आणि तरीही ६ किंवा ८ आहे अशा. त्यांचे पिक्सेल बरोबर आहेत, फक्त चिठ्ठी खोटी आहे, म्हणून तीच बदलायची:

```
exiftool -n -Orientation=1 khata-07.png
```

हा प्रोग्राम मूळ फाइल नावापुढे `_original` जोडून राखून ठेवतो. हे केल्यावर ती फाइल गॅलरीत उघडून खात्री करा. एक मर्यादा आहे. हा नियम इथे लागू पडतो, कारण आपल्याला माहीत आहे की तक्ता आडवाच होता. उभी यादी टिपलेली असेल तर ‘संशयास्पद’ची व्याख्या उलटी होईल, आणि ३ च्या चिठ्ठीने रुंदी-उंची बदलतच नाही, त्यामुळे ती आकड्यांवरून पकडता येत नाही. तिथे उघडून बघणं भाग आहे.

उरलेल्या फाइलींची चिठ्ठी खरी आहे. ती अमलात आणायची, म्हणजे पिक्सेल प्रत्यक्ष फिरवायचे आणि मग चिठ्ठी फाडून टाकायची. `saral` नावाचा रिकामा फोल्डर करून इमेजमॅजिक वापरा:

```
magick mogrify -path saral -auto-orient -strip *.png
```

`-auto-orient` चिठ्ठी वाचून जाळी फिरवतो, `-strip` बाकी जोडलेली माहिती पुसतो, आणि `-path` मुळे नव्या प्रती `saral` मध्ये जातात, मूळ फाइलींना हात लागत नाही. नुसता `-strip` लावाल तर वर सांगितलेली वेबसाइटीचीच चूक तुमच्या हातून होईल. `-strip` ने तारखेची नोंद आणि रंगांचं प्रोफाइलही जातं. हिशेबाच्या तक्त्याला फरक पडत नाही, पण फोटो असतील तर तो शब्द गाळा आणि टॅग १ झाला का ते तपासा. पीएनजी फिरवल्याने चित्राचा दर्जा उतरत नाही. जेपीजी मात्र या आज्ञेने नव्याने दाबली जाते, त्यामुळे बारीक अक्षरं किंचित पुसट होऊ शकतात.

सात नंबरची फाइल दुरुस्त न करता ही ओळ चालवली असती, तर सरळ जाळी फिरून उभी झाली असती आणि आतापर्यंत नीट छापली जाणारी ही फाइलही कलंडली असती. म्हणून ती आधी.

शेवटी `saral` मध्ये पहिलीच तपासणी पुन्हा चालवा. बाराही ओळींत 2000, 1200 आणि शेवटी `-` आलं पाहिजे. ते आलं की कुठल्याही ॲपला फिरवायला काही उरत नाही.

कॉम्प्युटर नसेल तर काकांसारख्यांसाठी एक गावठी पण खात्रीचा उपाय आहे. ज्या गॅलरीत चित्र सरळ दिसतं तिथे ते पूर्ण पडद्यावर उघडा, टॅब आडवा धरा, वरच्या-खालच्या पट्ट्या अदृश्य होईपर्यंत थांबा आणि बटणांनी त्याचाच स्क्रीनशॉट घ्या. बटणांचा स्क्रीनशॉट पिक्सेल फिरवूनच लिहितो, हे काकांच्या टॅबवर वरच्या आकड्यांनी सिद्ध झालंय. तुमच्या टॅबवर तसं आहे का, ते एकदा एका फाइलीवर तपासून घ्या.

पुन्हा होऊ नये म्हणून

टॅब टेबलावर सपाट ठेवून स्क्रीनशॉट घेऊ नका. टॅब कुठल्या दिशेला आहे हे आतला सेन्सर गुरुत्वाकर्षणावरून ठरवतो. टॅब सपाट असला की सगळं वजन काचेच्या लंब दिशेला जातं आणि उजवं-डावं कळायला काही उरत नाही. मग आधीची दिशाच खरी धरली जाते. तसंच टॅब वळवल्या वळवल्या लगेच बटण दाबू नका. पडद्याचं फिरणं पूर्ण होऊ द्या, नाहीतर चित्र एका दिशेचं आणि चिठ्ठी दुसऱ्या दिशेची अशी गल्लत होऊ शकते.

पडदा फिरण्याला कुलूप लावलेलं असताना आणखी एक घोळ होतो. पडदा उभा राहतो, टॅब मात्र हातात आडवा असतो. चिठ्ठी लिहिताना प्रोग्रामने पडद्याची दिशा विचारायला हवी. काही ॲप सेन्सरला विचारतात आणि सरळ चित्रावर ६ लावून मोकळे होतात. तुमचं ॲप कुणाला विचारतं ते शोधायचं असेल तर कुलूप लावा, टॅब आडवा धरा, एक स्क्रीनशॉट घ्या आणि तक्त्याची ओळ बघा. 1200, 2000 आणि `-` किंवा `1` आलं तर ॲप शहाणं आहे.

काकांच्या ॲपवर हा प्रयोग केला. आकडे आले 1200, 2000 आणि 6. आता ते आधी बटणांनी टिपतात आणि लाल गोल नंतर काढतात. नौपाड्याहून दुसऱ्यांदा आलेली बाराही पानं सरळ होती, फक्त चौथ्या पानावर आमच्याच फ्लॅटच्या नंबराभोवती लाल गोल होता.